स्क्रीन, मॅट आणि ग्लॉसी: एकाच फोटोला तीन वेगळ्या धारा का आणि किती

प्रश्न: २४ मेगापिक्सेलचा पोर्ट्रेट आहे. मॉनिटरवर एकदम खणखणीत दिसतो. तीच फाइल ३०×४५ सेंमी मॅट कागदावर छापली तर पापण्या मऊ पडतात, आणि शार्पनिंग वाढवून ग्लॉसीवर छापली तर केसांच्या बाजूने पांढरी रेघ दिसते. लाइटरूममध्ये Screen, Matte Paper, Glossy Paper असे पर्याय आहेत, पण त्यांत नेमका फरक काय? फोटोशॉपमध्ये हाताने करायचं तर आकडे किती ठेवायचे?

उत्तर:

शार्पनिंगने फोटोत नवा तपशील येत नाही. जिथे गडद आणि उजळ भाग एकमेकांना भिडतात, तिथे गडद बाजू थोडी आणखी गडद होते आणि उजळ बाजू थोडी आणखी उजळ. कडेच्या दोन्ही अंगांना अशी एक बारीक किनार तयार होते. या किनारीलाच हेलो म्हणतात. किनार वेगळी ओळखू येत नाही, पण कड मात्र ठसठशीत वाटते, तोवर शार्पनिंग बरोबर. किनार रेघ म्हणून दिसायला लागली की जास्त झालं. तेव्हा खरा प्रश्न असा, की ही किनार प्रत्यक्ष पृष्ठभागावर किती मिलिमीटर रुंद उमटते आणि तो पृष्ठभाग तिचं काय करतो. तिन्ही पर्यायांमधला फरक एवढाच आहे.

आधी रुंदीचं बघू. साधारण चांगल्या नजरेला १ आर्कमिनिटाएवढा तपशील वेगळा दिसतो. ३०×४५ सेंमीचा प्रिंट माणूस साधारण त्याच्या कर्णाएवढ्या अंतरावरून, म्हणजे ५५ सेंमीवरून बघतो. तिथून १ आर्कमिनिट म्हणजे ०.१६ मिमी. प्रिंट ३०० पीपीआयचा, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेलचा असेल तर एक पिक्सेल जवळजवळ ०.०८५ मिमीचा होतो. म्हणजे दोन पिक्सेल रुंदीची किनार नजरेच्या मर्यादेवर येते: वेगळी दिसत नाही, फक्त कडेचा कॉन्ट्रास्ट वाढवते. चार पिक्सेलची किनार ०.३४ मिमीची, आणि ती रेघ म्हणून दिसते.

आता मॉनिटर घ्या. साध्या डेस्कटॉप मॉनिटरचा एक पिक्सेल पाव मिलिमीटरच्या आसपास असतो आणि आपण ६० सेंमीवर बसतो. तिथे नजरेची मर्यादा ०.१७ मिमी. म्हणजे मॉनिटरवर एका पिक्सेलची किनारसुद्धा वेगळी दिसू शकते. म्हणून स्क्रीनसाठी रेडियस, म्हणजे किनारीची रुंदी ठरवणारा आकडा, अगदी लहान, पाऊण पिक्सेलच्याही आत ठेवावा लागतो, आणि प्रिंटसाठी तो पिक्सेलच्या वर न्यावा लागतो. प्रिंटसाठीचा जुना ठोकताळा आहे, पीपीआय भागिले २००. ३०० ला १.५ आणि ३६० ला १.८. हा मधला आकडा धरायचा. मॅट आणि ग्लॉसी त्याच्या अलीकडे-पलीकडे जातात.

कागद किनारीचं काय करतो

तुमच्याच फोटोतला एक पापणीचा केस धरू. मूळ ६०००×४००० च्या फाइलमध्ये तो समजा ४ पिक्सेल जाड आहे आणि शेजारच्या केसापासून ४ पिक्सेल लांब. ३०० पीपीआयला ४५ सेंमीचा प्रिंट म्हणजे ५३१५ पिक्सेल, तेव्हा तो केस साडेतीन पिक्सेलचा होतो. कागदावर ०.३ मिमी. दोन केसांमधली त्वचेची फटही तेवढीच.

मॅट कागदावर तीन गोष्टी एकदम घडतात. शाईचा थेंब लेपात थोडा पसरतो, म्हणजे केस जाड होतो आणि मधली फट अरुंद होते. दुसरं, फटीवर पडलेला प्रकाश कागदाच्या आत विखुरतो आणि त्यातला काही शेजारच्या शाईखालून बाहेर येताना शोषला जातो, त्यामुळे फट तिच्या मापापेक्षा अधिक काळवंडलेली दिसते. तिसरं, खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे उधळतो, त्यामुळे काळा खरा काळा राहत नाही. चांगल्या मॅट कागदाची सर्वाधिक घनता १.६ च्या आसपास असते, म्हणजे सगळ्यात गडद काळाही सुमारे अडीच टक्के प्रकाश परत फेकतो. ग्लॉसीवर २.३ सहज मिळते, म्हणजे अर्धा टक्का. कागदाचा पांढरा ९० टक्के धरला तर मॅटवर कॉन्ट्रास्ट साधारण ३६:१ आणि ग्लॉसीवर १८०:१. कड मऊ वाटण्यात याचा वाटा शाई पसरण्याइतकाच मोठा आहे.

इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो: “कागदाची कलर प्रोफाइल बरोबर लावली की हे सगळं भरून निघतं.” नाही निघत. प्रोफाइल तयार होते ती मोठ्या सपाट रंगपट्ट्या मोजून. एवढा करडा मागितला तर किती शाई टाकायची हे तिला कळतं. पाव मिलिमीटरच्या फटीत शेजारून काय झिरपलं याचा तिला पत्ता नसतो. सॉफ्ट प्रूफवर, म्हणजे प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या दृश्यातही, हे दिसत नाही. तिथे रंग आणि कॉन्ट्रास्ट दिसतो, धार नाही.

पसरते ती शाई, म्हणजे गडद बाजू. त्यामुळे मॅटवर बळी जातो तो उजळ किनारीचा. दोन केसांमधली जी उजळ रेघ शार्पनिंगने उठवली, तीच शाई गिळते. म्हणून मॅटसाठी किनार थोडी रुंद आणि बरीच जोरकस लागते, विशेषतः उजळ अंगाची.

ग्लॉसीवर नेमकं उलट. लेप शाई धरून ठेवतो, थेंब पसरत नाही, काळा खोल जातो. जे पाठवलं ते बऱ्यापैकी तसंच उमटतं, आणि मॅटसाठी मुद्दाम चढवलेली उजळ किनार इथे जशीच्या तशी समोर येते. तुमची केसांच्या बाजूची पांढरी रेघ तीच. पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर आणखी एक भानगड होते. किनार २५५ ला टेकली की तिथे शाईच पडत नाही, आणि उघडा राहिलेला कागद शेजारच्या शाईपेक्षा वेगळा चकाकतो. समोरून पाहिलं तर काही कळत नाही. प्रिंट तिरपा धरला की केसांच्या कडेने चांदीसारखी रेघ चमकते. गुन्हेगार शार्पनिंगच, पण माणसं कागद बदलत बसतात.

करायचं कसं

सुरुवात एका मूळ प्रतीपासून करा: पूर्ण आकाराची, १६ बिट टिफ, रॉ उघडतानाचं हलकं शार्पनिंग झालेली, आउटपुट शार्पनिंग अजिबात नसलेली. लाइटरूमचे रॉसाठीचे मूळ आकडे Amount 40, Radius 1.0, Detail 25 असतात. पोर्ट्रेटला ते ठीक आहेत, फक्त Masking 60 ते 70 पर्यंत चढवा म्हणजे त्वचेची छिद्रं सुटतात. ही प्रत १०० टक्क्यांवर किंचित मऊ वाटली पाहिजे. वाटत नसेल तर पुढची प्रत्येक पायरी जास्तच होणार.

यापुढचा क्रम तिन्हींसाठी एकच: आधी अंतिम आकार, मग शार्पनिंग. उलट केलं की दोन्हीकडून फसगत होते. ६००० पिक्सेलवर दीड पिक्सेलची किनार घालून फाइल २०४८ वर आणली तर किनार अर्ध्या पिक्सेलची होऊन विरघळते. आणि २०४८ ची वेबची फाइल ४५ सेंमीवर ताणली तर ती ११६ पीपीआय होते, एक पिक्सेल ०.२२ मिमीचा, म्हणजे वेबसाठी घातलेली नाजूक किनार प्रिंटवर दोरीसारखी दिसते.

*स्क्रीन.* लांब बाजू २०४८ करा. फोटोशॉपच्या Image Size मध्ये Bicubic Sharper निवडलं तर लहान करतानाच ते स्वतःचं शार्पनिंग घालतं. मग वरून आपण घालतो आणि पापण्यांवर जिना दिसायला लागतो. साधं Bicubic (smoother gradients) घ्या आणि धार स्वतःच्या हातात ठेवा. आपला चार पिक्सेलचा केस इथे १.४ पिक्सेलचा उरलेला असतो. त्याला मोठा रेडियस लावला तर केस आणि फट एकमेकांत मिसळतात. sRGB मध्ये बदला आणि मग Unsharp Mask: Amount 70, Radius 0.4, Threshold 1. साध्या मॉनिटरवर १०० टक्क्यांवर बघा. लॅपटॉपची स्क्रीन खूप दाट पिक्सेलची असेल तर १०० टक्क्यांवर सगळं सौम्य दिसतं आणि हात सैल सुटतो. तिथे २०० टक्क्यांवर बघून ठरवा. फोटो जिथे टाकणार आहात ती जागा तो पुन्हा लहान करत असेल आणि वरून शार्प करत असेल, तर Amount 40 वर थांबलेलं बरं. जेपेग करताना क्वालिटी फार खाली नेऊ नका. शार्प कडांभोवती जेपेगचे ठिपके सगळ्यात आधी उठतात आणि ते शार्पनिंगच्या माथी मारले जातात.

*ग्लॉसी.* मूळ प्रतीची नवी कॉपी घ्या आणि ती सपाट करा. ५३१५×३५४३, ३०० पीपीआय. बॅकग्राउंड लेयरची प्रत काढून तिच्यावर Unsharp Mask: Amount 120, Radius 1.2, Threshold 2. लगेच Edit मधून Fade Unsharp Mask, मोड Luminosity. हे फिल्टरनंतर ताबडतोब करावं लागतं, मध्ये दुसरं काही केलं की तो पर्याय मावळतो. याने कडांना रंगीत झाक येत नाही. आता या लेयरची आणखी एक प्रत काढा. खालच्या प्रतीचा ब्लेंड मोड Darken, ओपॅसिटी 80. वरचीचा Lighten, ओपॅसिटी 40. म्हणजे गडद आणि उजळ किनारी वेगवेगळ्या आवरता येतात. शेवटी Lighten लेयरच्या Layer Style मध्ये Blend If च्या Underlying Layer ची उजवी कळ Alt दाबून फोडा आणि 220 ते 245 अशी पसरवा. आधीच उजळ असलेला भाग मग २५५ ला टेकत नाही आणि ती चांदीची रेघ जाते.

*मॅट.* माप तेच, रचनाही तीच, फक्त आकडे बदलतात: Amount 180, Radius 1.6, Threshold 2. Fade तसंच. Darken 80 ठेवा, पण Lighten 75 पर्यंत न्या, कारण कागद गिळणार आहे ती हीच बाजू. Blend If ची पसरण 235 ते 250 चालते. मॅटवर चकाकीच्या फरकाचा प्रश्न नसतो. ही फाइल १०० टक्क्यांवर भयानक दिसेल. दिसू द्या. मॉनिटरचा पिक्सेल पाव मिलिमीटरचा आणि प्रिंटचा ०.०८५, म्हणजे १०० टक्क्यांवर तुम्ही प्रिंट तिप्पट मोठा करून बघताय. खऱ्या मापाच्या जवळचं दृश्य ३३ टक्क्यांवर मिळतं, पण त्या झूमवर प्रोग्राम चित्र जरा ओबडधोबड दाखवतो, म्हणून ५० टक्क्यांवर बघा आणि “जरासं जास्त झालंय” वाटेल तिथे थांबा. ग्लॉसीसाठी ५० टक्क्यांवर “बरोबर आहे” वाटेल तिथे.

हे आकडे सुरुवातीचे आहेत. तुमचा प्रिंटर, तुमचा कागद आणि तुमची नजर यांत ते इकडेतिकडे होणारच, आणि त्याचा निकाल मॉनिटरवर लागत नाही. त्यासाठी चाचणीपट्टी छापा. अंतिम मापाच्या फाइलमधून डोळ्याचा तुकडा कापा, पण त्याचं माप बदलू नका. ३०० पीपीआयला १०×१५ सेंमीच्या कागदावर ११८१×१७७२ पिक्सेल बसतात. ५८० पिक्सेल उंचीचे तीन तुकडे एकाखाली एक लावा आणि शार्पनिंगचे दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये टाकून ग्रुपची ओपॅसिटी ५०, ७५, १०० अशी ठेवा. छापताना Scale to Fit Media बंद, नाहीतर सगळा हिशेब पाण्यात. प्रिंट किमान तासभर सुकू द्या आणि ५५ सेंमीवरून बघा. नाक लावून बघितलं तर नेहमी ५० ची पट्टी जिंकते आणि मोठा प्रिंट मऊ निघतो. ज्या पट्टीत पापण्या सुट्या दिसतात पण कडेला रेघ दिसत नाही, ती घ्यायची. मॅटवर बहुतेकदा १०० किंवा ७५ निघते. ग्लॉसीवर ७५ निघाली नाही तर ५०.

लाइटरूमचे पर्याय

Export मधलं Sharpen For आणि Print मधलं Print Sharpening, दोन्ही याच विचारावर चालतात. शार्पनिंग आकार बदलल्यावर लागतं आणि रेडियस आउटपुटच्या मापावरून लाइटरूम स्वतःच ठरवतं. म्हणून प्रिंटसाठी एक्सपोर्ट करताना आकार सेंटिमीटरमध्ये आणि Resolution खरा भरा. तुम्हाला फक्त Low, Standard, High निवडायचं असतं. या पोर्ट्रेटला स्क्रीनसाठी Low, ग्लॉसीसाठी Standard, मॅटसाठी High पासून सुरुवात करा. अडचण एकच, आउटपुट शार्पनिंगचं प्रिव्ह्यू दिसत नाही आणि उजळ-गडद किनारी वेगळ्या आवरता येत नाहीत. दहा-वीस फोटोंच्या गठ्ठ्याला हे पुरेसं आहे. भिंतीवर लागणाऱ्या एका प्रिंटला मात्र हातचंच करावं. आणि Matte Paper लावून एक्सपोर्ट केलेली फाइल पुन्हा लाइटरूममध्ये आणून छापत असाल, तर तिथलं Print Sharpening बंद करा. दोनदा लागलेलं शार्पनिंग ओळखायची खूण अशी: किनार एक नसते, एकाबाहेर एक अशा दोन फिक्या रेघा दिसतात.

शार्पनिंगचा दोष नसतो तेव्हा

मॅटवर Amount 180 वरून 250 वर नेऊनही पापण्या मऊच राहिल्या तर वाढवत जाऊ नका, दुसरीकडे बघा. ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप ग्लॉसीचाच राहिला असेल तर कागदाला झेपणार नाही एवढी शाई पडते आणि बऱ्याच प्रिंटरवर काळी शाईही चुकीची, फोटो ब्लॅक, वापरली जाते. काळा राखाडी दिसतो, कडा फुटतात. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे कागद उलटा घातलेला. बरेच मॅट कागद एकाच बाजूने लेप दिलेले असतात आणि दोन्ही बाजू नजरेला सारख्याच वाटतात. मागच्या बाजूवर शाई टिपकागदासारखी पसरते. फोटोशिवाय याची परीक्षा करता येते: पांढऱ्यावर १, २ आणि ३ पिक्सेल जाडीच्या काळ्या रेघा छापा आणि भिंग लावून बघा. रेघेची कड केसाळ दिसली तर मीडिया टाइप किंवा बाजू चुकली आहे. कड स्वच्छ असून फोटोच मऊ असेल, तर मूळ फोकस तपासा. हललेला किंवा फोकस चुकलेला डोळा कोणत्याच कागदावर उठत नाही. त्याला रेडियस वाढवून भिडलं की फक्त कडा जाड होतात.

ग्लॉसीवर गालावर किंवा मागच्या सपाट भागात रवाळपणा आला तर तो नॉइज आहे, आणि त्याला Threshold वाढवणं हा अर्धवट इलाज. ६-७ वर नेलं की त्वचा काही ठिकाणी शार्प आणि काही ठिकाणी मेणासारखी, अशी ठिगळं दिसतात. Threshold 2 वरच ठेवा, शार्पनिंगच्या ग्रुपला काळा मास्क लावा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने डोळे, भुवया, ओठ, केस आणि कपड्याचं विणकाम तेवढं उघडा.

प्रिंट लॅबकडून काढणार असाल तर आधी विचारा, की त्यांची मशीन स्वतः शार्पनिंग घालते का. पुष्कळ ठिकाणी ते चालूच असतं आणि काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसतं. उत्तर नीट मिळालं नाही तर एकाच १०×१५ च्या फाइलमध्ये वरचा अर्धा भाग बिनशार्पनिंगचा आणि खालचा ग्लॉसीच्या आकड्यांनी केलेला, अशी जोडून पाठवा. वरचा अर्धा भाग छान आणि खालचा कुरकुरीत आला तर त्यांच्याकडे ते चालू आहे. मग बिनशार्पनिंगची फाइल द्या किंवा बंद करायला सांगा. लॅबचा मॅट कागदही नीट बघून घ्या. लॅबमध्ये मॅट किंवा लस्टर म्हणून मिळतो तो बहुतेकदा इंकजेटचा शाई पिणारा कागद नसून रासायनिक प्रक्रियेचा फोटोपेपर असतो, फक्त पृष्ठभाग खरबरीत. त्यावर शाई पसरायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे त्याला ग्लॉसीचीच फाइल द्यायची, फार तर Lighten 40 वरून 50.